दहा औषधं, तीन डॉक्टर आणि एका पानाची चिठ्ठी: मेडिकेशन रिव्ह्यूचं एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं मेडिकल आहे. रिव्ह्यू करणं हे काम आपल्याकडे कुणी सांगत नाही, कुणी त्याचे पैसेही देत नाही, पण एकाच घरात तीन ठिकाणची औषधं यायला लागली की कुणीतरी ती एकत्र मांडून पाहायलाच पाहिजे आणि ते आपल्या काउंटरवरच शक्य असतं. इथे मी एकच केस पूर्ण लिहितेय. चुका शोधणं त्यात फार अवघड नव्हतं, शोधलेल्या अकरा-बारा गोष्टींपैकी डॉक्टरांना आधी काय सांगायचं, नंतर काय आणि काय सांगायचंच नाही हे ठरवणं अवघड होतं, म्हणून सगळा भर त्यावरच आहे. आजींची ओळख लागू नये म्हणून गाव आणि काही बारीकसारीक गोष्टी लिहीत नाही.

आजी ६८ वर्षांच्या, वजन ४८ किलो, शुगर आणि बीपी दोन्ही जुनं. मे महिन्याचे शेवटचे दिवस, पारा ४४ च्या पुढे, आणि तरी रोज सकाळी सहाला शेतात धसकटं वेचायला. सूनबाई त्यांना घेऊन आल्या ते पायाच्या सुजेसाठी. "पोरी, पाय सुजून राह्यले, अन् कामात मधातच घाबरं होते, गुळाचा खडा खाल्ला का बरं वाटते," आजी म्हणाल्या. मी म्हटलं आजी, घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, फायलीतले कागद नाही, गोळ्या. "पिशवीभर आहेत वो गोया," म्हणाल्या, आणि दुपारी सूनबाई खरंच पिशवी घेऊन आल्या.

कागद आणि पिशवी यात फरक असतो म्हणून हे करायचं. कागदावर तालुक्याच्या फिजिशियन सरांची पाच औषधं होती: सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ ची एकत्र गोळी, अम्लोडिपिन ५, मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड २ ची एकत्र गोळी दोन वेळा, रात्री ॲस्पिरिन ७५ आणि अटॉर्वास्टॅटिन १० ची कॅप्सूल, आणि पँटोप्राझोल ४०. पिशवीत याशिवाय ग्रामीण रुग्णालयाच्या शुगर-बीपीसारख्या आजारांच्या एनसीडी ओपीडीतून मिळालेलं अम्लोडिपिन ५ आणि मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा. त्याशिवाय गावातल्या दवाखान्यातून गुडघ्यासाठी ॲसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल दोन वेळा, साधारण तीन महिन्यांपासून, आणि सुजेसाठी टॉर्सेमाइड १०, तीन आठवड्यांपासून. दहावी कॅल्शियमची. तिन्ही ठिकाणच्या डॉक्टरांनी आपापल्या समोर जे दिसलं त्यावर बरोबरच औषध दिलं होतं, पण एकमेकांचं कुणालाच माहीत नव्हतं.

आता दुसरा प्रश्न, यातलं खरंच पोटात काय जातं. हे विचारताना "नियमित घेता का" असं विचारलं की उत्तर कायम हो येतं, म्हणून मी विचारते की काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांगा, गोळ्या त्यात आपोआप येतात. आजी सकाळी साडेपाचला चहासोबत सगळ्या सकाळच्या गोळ्या एका हातावर घेऊन गिळायच्या आणि शेतात जायच्या, शिदोरी सोडायच्या साडेदहाला. म्हणजे शुगर उतरवणारं ग्लिमेपिराइड पोटात जाऊन पाच तास अन्न नाही. संध्याकाळची गोळी घ्यायच्या आणि अर्धी भाकर खाऊन झोपायच्या. चतुर्थी-एकादशीला तर गोळी तीच, जेवण मात्र भगर किंवा नुसता चहा. पाकिटांवरच्या तारखा आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या तर गोळ्या चुकत नव्हत्या, उलट आजी फार इमानदारीनं घेत होत्या आणि अडचण तीच होती.

कागदांत दोन आठवड्यांपूर्वीचा रिपोर्ट होता. क्रिएटिनिन १.६, वर्षभरापूर्वीचा १.१. उपाशी शुगर ७८, तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारं एचबीएवनसी ६.४. सोडियम-पोटॅशियम केलेलंच नव्हतं. मी बीपी घेतलं, बसून १०८/६४, उभं करून तीन मिनिटांनी ९०/५८. सिस्टोलिक २० किंवा जास्त पडलं की पोश्चरल ड्रॉप धरतात, इथे १८ आहे म्हणजे व्याख्येच्या काठावर, पण उभं राहिल्यावर ९० हा आकडा स्वतःच पुरेसा बोलका आहे आणि डायस्टोलिकचं मोजमाप १० चं असतं, ते इथे ६ आहे. म्हणून मी डॉक्टरांना आकडे सांगितले, "पोश्चरल हायपोटेन्शन" असं लेबल लावलं नाही. लेबल लावायचा अधिकारही त्यांचा आणि आकड्यावर ते आपलं मत बनवू शकतात.

किडनीचा हिशेब दोन पद्धतींनी केला, कारण दोन्ही आकडे वेगळ्या कामाला लागतात. औषधांच्या डोससाठी अजूनही बऱ्याच ठिकाणी कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट वापरतात:

```
(१४० − वय) × वजन × ०.८५ (बाईसाठी) ÷ (७२ × क्रिएटिनिन)
(१४० − ६८) × ४८ × ०.८५ ÷ (७२ × १.६) = २५.५ मिली/मिनिट
```

ईजीएफआर म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज, त्याच्या २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्रानं मात्र तोच क्रिएटिनिन साधारण ३५ देतो, आणि वर्षभरापूर्वीचा १.१ साधारण ५५ देत होता. मेटफॉर्मिनच्या मर्यादा ईजीएफआरवर ठरवलेल्या आहेत, ३० च्या खाली बंद आणि ३० ते ४५ मध्ये दिवसाला १००० मिग्रॅपेक्षा जास्त नको, म्हणून तिथे ३५ धरायचा, २५ धरून "मेटफॉर्मिन बंद करा" असं लिहून पाठवलं तर डॉक्टर बरोबर विचारतील की कशावरून. आजी मात्र घेत होत्या २०००, हजार खासगीतून आणि हजार सरकारी. आणि एक गोष्ट विसरायची नाही, क्रिएटिनिन सध्या वर चढत असेल तर दोन्ही सूत्रं किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतात, ती स्थिर क्रिएटिनिनसाठीच बनवलेली आहेत. मागचे दोनच आकडे हातात असताना चढ कधी सुरू झाला हे सांगता येत नाही, म्हणून पुन्हा तपासणी हीच पहिली मागणी असायला हवी.

इथपर्यंत सगळं मांडल्यावर माझ्या वहीत अकरा मुद्दे झाले. ॲसेक्लोफेनॅक, टेल्मिसार्टन आणि थायाझाइड-टॉर्सेमाइड या लघवीच्या दोन गोळ्या हे किडनीला मारक मिश्रण. मेटफॉर्मिन दुप्पट. अम्लोडिपिन दुप्पट. त्या दुप्पट अम्लोडिपिनमुळे पायाची सूज असण्याची शक्यता आणि त्या सुजेवर टॉर्सेमाइड. ग्लिमेपिराइड आणि शुगर कमी होणं. उभं राहिल्यावर बीपी ९०. सोडियम-पोटॅशियम नाही. ॲस्पिरिन कशासाठी ते कागदावर नाही. पँटोप्राझोल किती दिवस. मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल दोन्ही लांब चालल्यानं बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, आणि आजींच्या पायात मुंग्या आहेत. कॅल्शियम पँटोप्राझोलबरोबर उपाशीपोटी, तेव्हा ते नीट पचत नाही.

या अकराच्या अकरा गोष्टी मी एका कागदावर उतरवून पाठवल्या असत्या तर सरांनी काय केलं असतं, मला अंदाज आहे. दिवसाला शंभराच्या वर ओपीडी, त्यात एका मेडिकलवालीचं दोन पानी पत्र, त्यात कॅल्शियमची वेळ आणि किडनी एकाच आकाराच्या अक्षरात. ते वाचणारच नाहीत किंवा वाचून "रिव्ह्यू नेक्स्ट व्हिजिट" लिहितील, आणि पुढची व्हिजिट महिन्याने.

क्रम लावताना बहुतेकांकडून दोन ठिकाणी गडबड होते. एक, ॲपवर इंटरॅक्शन तपासतात आणि जे लाल येतं ते वर ठेवतात. आजींच्या यादीत ॲपनं टेल्मिसार्टन-ॲसेक्लोफेनॅक लाल दाखवलं, ॲस्पिरिन-ॲसेक्लोफेनॅक लाल दाखवलं, आणि ग्लिमेपिराइडवर काहीच ठळक आलं नाही, कारण उपाशीपोटी सकाळी साडेपाचला घेतलेली गोळी ही इंटरॅक्शन नाहीच, ती माणसाच्या दिवसात दडलेली असते. दुसरं, रुग्णाची जी तक्रार सगळ्यात मोठी, ती वर ठेवतात. आजींसाठी सगळ्यात मोठी तक्रार होती गुडघा, मग मुंग्या, मग सूज. घाबरं होणं त्यांनी बोलता बोलता सांगितलं होतं.

मी तीन प्रश्न विचारून क्रम लावते: हे नुकसान आत्ता घडतंय का की पुढे घडू शकतं, पुढचा डोस घेतला तर आज रात्रीच काही होऊ शकतं का, आणि हे दुरुस्त करायला डॉक्टरांचा निर्णय लागतो की माझ्या सांगण्यानं भागतं. तिसरा प्रश्न फार कामाचा आहे, त्याने यादी निम्मी होते.

पहिल्या प्रश्नाला ग्लिमेपिराइड आणि किडनी दोन्ही "हो" होतात. घाबरं होण्याची दोन कारणं असू शकत होती आणि त्यातलं कुठलं हे वेगळं करणं गरजेचं होतं, नाहीतर चुकीची गोळी बंद करायला सांगितली जाते. बीपी पडल्याचं घाबरं होणं वाकून उठलं की येतं, डोळ्यापुढे अंधारी येते, बसलं की मिनिटा-दोन मिनिटात जातं. शुगर पडल्याचं घाबरं होणं जेवणाच्या आधी येतं, घाम सुटतो, हात थरथरतात, पोटात खड्डा पडतो, आणि गोड खाल्लं की दहा-पंधरा मिनिटात ओसरतं. आजींना विचारलं तर दोन्ही होत होतं, वाकून उठल्यावर अंधारी वेगळी आणि साडेनऊ-दहाला थंड घाम वेगळा, गुळानं जातं ते दुसरं. म्हणजे दोन वेगळे त्रास, दोन वेगळी औषधं, आणि दोन्ही त्या "घाबरं होते" या एका वाक्यात.

आता यात वर कोण? किडनीचं नुकसान मोठं आहे, पण ते आठवड्यांत होतं आणि ॲसेक्लोफेनॅक थांबवल्यावर बरंच परत फिरतं. शुगर मात्र आज रात्री पडू शकते. किडनी मंदावली असताना ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो, म्हणजे रात्री अर्धी भाकर खाऊन झोपलेल्या बाईची शुगर पहाटे पडली तर तिला गूळ द्यायला कुणी जागं नसतं. उपाशी शुगर ७८ आणि एचबीएवनसी ६.४ हे या वयात, गोळी सल्फोनिलयुरिया म्हणजे ग्लिमेपिराइडच्या गटातली, शुगर खाली पाडू शकणारी असताना, फार घट्ट नियंत्रण आहे. अमेरिकेच्या जेरियाट्रिक्स सोसायटीच्या, वयस्कांना जोखमीच्या औषधांच्या बियर्स यादीत २०२३ पासून सगळ्याच सल्फोनिलयुरिया गोळ्यांना वयस्कांसाठी पहिली-दुसरी पसंती म्हणून टाळा असंच म्हटलंय. एचबीएवनसीवरही मी पूर्ण विसंबले नाही, आपल्याकडे सिकलसेलचे वाहक बरेच आहेत आणि रक्त कमी असणाऱ्या बायाही, दोन्हीत हा आकडा खरी सरासरी दाखवेलच असं नाही, म्हणून लक्षणं आणि उपाशी शुगर यांच्यासोबतच तो मांडला. ग्लिमेपिराइड पहिल्या नंबरवर आणि ॲसेक्लोफेनॅक दुसऱ्यावर, असं ठरलं. दोन्ही आजच्याच फोनचे.

तिसरा मुद्दा दुप्पट औषधांचा. मेटफॉर्मिन आणि अम्लोडिपिन दोन्ही ठिकाणांहून येतं हे सरांना कळायलाच हवं, कारण त्यांच्या पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया तो आहे. बीपी कमी दिसलं की ते टेल्मिसार्टन कमी करतील आणि दहा मिग्रॅ अम्लोडिपिन पोटात तसंच राहील. आणि याच मुद्द्यात सूज येते. अम्लोडिपिनची सूज डोस वाढला की वाढते, ती लघवीच्या गोळीनं फारशी उतरत नाही, कारण तिथे शरीरात पाणी साठलेलं नसतं, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी पायात उतरलेलं असतं. विचारलं तर सरकारी अम्लोडिपिन फेब्रुवारीत सुरू झालं, सूज मार्चअखेरीस दिसायला लागली, दोन्ही पायांना सारखी, संध्याकाळी जास्त, दम लागत नाही, रात्री उशा वाढवाव्या लागत नाहीत. तारखा जुळल्या म्हणून मी लिहू शकले की "सूज अम्लोडिपिनची असू शकते", त्यापुढे गेले नाही, हृदय किंवा किडनीची सूज नाही हे तपासणं सरांचं काम.

इथे एक गोष्ट मला जपून करावी लागली. गावातल्या दवाखान्यानं ॲसेक्लोफेनॅक दिलं होतं, ते पत्रात कसं लिहायचं? मी लिहिलं "आजी गुडघ्यासाठी हेही घेतात". कोणी दिलं ते लिहिलं नाही, सरांना त्याची गरज नाही आणि आजींना उद्या पुन्हा त्याच दवाखान्यात तापासाठी जायचंय. पण आजींनी गुडघ्याचं काय करायचं हे न सांगता ॲसेक्लोफेनॅक थांबवा म्हणणं म्हणजे अर्धं काम. गुडघा ठणकला की त्या दुसऱ्या दिवशी तीच गोळी किंवा सुई घेऊन येणार आणि माझी शिफारस तिथेच संपणार. म्हणून "बंद करा" च्या बाजूलाच पर्याय: पॅरासिटामॉल ६५० दिवसातून तीन वेळा, म्हणजे दोन ग्रॅमच्या आत, ४८ किलोच्या बाईला पुरेसं, लावायला डायक्लोफेनॅक जेल, आणि खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा मांडीचा व्यायाम. जेलही रक्तात जातंच, पण तोंडानं घेतलेल्या गोळीपेक्षा खूप कमी. ॲसेक्लोफेनॅकच्या त्या गोळीत पॅरासिटामॉल आधीच असतं म्हणून दोन्ही एकत्र नको हेही लिहिलं.

सरांची ओपीडी साधारण दोनला सुटते, तेव्हा फोन केला. फोनवर मी जे बोलले ते जवळजवळ असंच: "सर, मेडिकलमधून बोलतेय, तुमच्या पेशंट आजी, ६८ वर्ष, शुगर-बीपी. तीन गोष्टी आहेत, पहिल्या दोन आजच लागतील. एक, सकाळी उपाशीपोटी ग्लिमेपिराइड घेतात, दहाच्या आसपास घाम येऊन गुळानं बरं वाटतं, गेल्या दोन आठवड्यांत तीनदा झालंय, उपाशी शुगर ७८, क्रिएटिनिन १.१ वरून १.६. दोन, तुमच्या टेल्मिसार्टन-थायाझाइडसोबत तीन महिन्यांपासून ॲसेक्लोफेनॅक आणि आता टॉर्सेमाइडही घेतात, उभं बीपी ९०. तीन, अम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन सरकारीतूनही मिळतं, दोन्ही दुप्पट जातंय. संध्याकाळच्या गोळीचं काय करू?"

शेवटचं वाक्य मुद्दाम प्रश्न. "ग्लिमेपिराइड बंद करा" असं म्हटलं असतं तर सर ऐकलेही असते कदाचित, पण निर्णय त्यांचा आहे आणि त्यांना माझ्याकडे नसलेली माहिती असते. ते म्हणाले, ग्लिमेपिराइडची गोळी आजपासून बंद, साधं मेटफॉर्मिन ५०० दोन वेळा जेवणानंतर. ॲसेक्लोफेनॅक आणि टॉर्सेमाइड बंद. अम्लोडिपिन एकच. उद्या सकाळी क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम. टेल्मिसार्टन-थायाझाइडचं रिपोर्टवर बघू.

फोन झाला म्हणून पत्र लागत नाही असं नाही. फोनवर ठरलेलं दुसऱ्या दिवशी विसरलं जातं, आणि फोनवर न सांगितलेल्या गोष्टींसाठी जागा लागते. पत्र मी इंग्रजीत लिहिलं, एकाच पानाचं, इथे आशय मराठीत देतेय:

"आजच्या फोनप्रमाणे: ग्लिमेपिराइड, ॲसेक्लोफेनॅक, टॉर्सेमाइड, सरकारी अम्लोडिपिन आणि सरकारी मेटफॉर्मिन थांबवलं आहे. आजींना आणि सुनेला सांगितलं, बंद गोळ्या वेगळ्या पिशवीत ठेवल्या आहेत. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ६५० तीन वेळा आणि जेल सुचवते, तुमची हरकत असेल तर कळवा.

तुमच्या निर्णयासाठी: रिपोर्ट आल्यावर थायाझाइड ठेवायचं का? उभं बीपी ९०/५८, उन्हात काम. दोन आठवड्यांनी उपाशी शुगर बघावी. शुगर वाढली आणि काही जोडावं लागलं तर टेनेलिग्लिप्टिन २० हा पर्याय आहे, किडनीसाठी डोस बदलावा लागत नाही आणि आजींना परवडेल.

पुढच्या भेटीसाठी, घाई नाही: ॲस्पिरिन कशासाठी सुरू आहे ते माझ्याकडच्या कागदांवर दिसत नाही. जुना अटॅक, स्टेंट किंवा पॅरालिसिसचा झटका असेल तर चालू राहावं. नसेल तर या वयात पुन्हा विचार व्हावा का? पँटोप्राझोलचं ॲस्पिरिनवर अवलंबून आहे, तोपर्यंत बदल नको. पायात मुंग्या आहेत, मेटफॉर्मिन जुनं आहे, बी-ट्वेल्व्ह तपासावं का?"

एवढंच. कॅल्शियम पत्रात नाही, ते मी स्वतः जेवणानंतर घ्यायला सांगितलं. अटॉर्वास्टॅटिन बरोबर होतं, त्याबद्दल लिहायचं कारण नव्हतं. ॲपवरचं ॲस्पिरिन-ॲसेक्लोफेनॅक लाल चिन्हही पत्रात नाही, ॲसेक्लोफेनॅक गेलं की ते आपोआप मिटतं.

पँटोप्राझोलबद्दल जरा थांबून सांगते, कारण तिथे क्रम चुकला तर नुकसान होतं. रिव्ह्यूमध्ये पँटोप्राझोल "वर्षानुवर्षं चालूये, बंद करा" असं पटकन लिहिलं जातं. पण आजी ॲस्पिरिन आणि ॲसेक्लोफेनॅक एकत्र घेत होत्या, वय ६८, अशा पोटाला रक्तस्राव होण्यापासून तीच गोळी वाचवत होती. कुठली गोळी दुसऱ्या कुठल्या गोळीमुळे लागते हे आधी ओळीनं मांडायचं, आणि ज्या औषधामुळे दुसरं औषध आलं ते आधी सोडवायचं: आधी अम्लोडिपिन, मग सुजेची गोळी, आधी वेदनेची गोळी आणि ॲस्पिरिनचा प्रश्न, मग पोटाची.

रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.६ च, पोटॅशियम ४.९, सोडियम १३१. सोडियम कमी, आणि थायाझाइड हे त्याचं ओळखीचं कारण, वरून टॉर्सेमाइड आणि घाम. मी थायाझाइडला "रिपोर्टवर बघू" मध्ये ठेवलं होतं, आता ते लगेच वर आलं. प्राधान्य एकदा ठरवलं की ठरलं असं नसतं, नवीन आकडा आला की यादी पुन्हा लावायची. मी फक्त रिपोर्टचा फोटो आणि एक ओळ पाठवली: "सोडियम १३१, थायाझाइड चालू आहे, काय करू?" सरांनी एकत्र गोळी बंद करून साधं टेल्मिसार्टन ४० केलं, उलटी-जुलाब झाले किंवा पाणी पिणं कमी झालं तर ते दोन दिवस थांबवून दाखवायला यायला सांगितलं, आणि आठवड्यानं सोडियम पुन्हा.

ॲस्पिरिनचं उत्तर पुढच्या भेटीत आलं. दोन वर्षांपूर्वी आजींचा एक हात अर्धा तास लुळा पडला होता, सरांच्या जुन्या फायलीत नोंद होती, आजींकडे त्याचा कागद नव्हता आणि त्यांना ते "हात झोपला होता" एवढंच आठवत होतं. म्हणजे ॲस्पिरिन योग्यच, पँटोप्राझोलही राहिलं. पत्रात "ॲस्पिरिन बंद करा" असं आदेशासारखं लिहिलं असतं आणि कुणी ऐकलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. कारण कागदावर नसेल तर शिफारस प्रश्न म्हणूनच जायला पाहिजे, आणि प्रश्नात कुठल्या उत्तराला काय करायचं तेही लिहिलेलं असावं, म्हणजे डॉक्टरांना एका शब्दात उत्तर देता येतं.

उरला सरकारी ओपीडीचा मुद्दा. तिथल्या मेडिकल ऑफिसर मॅडमना काहीच कळवलं नसतं तर पुढच्या महिन्यात आजी पुन्हा तीच दोन पाकिटं घेऊन आल्या असत्या, कारण त्यांच्या कार्डावर ती लिहिलेली आहेत. म्हणून वेगळी चिठ्ठी, तीनच ओळींची: पेशंट खासगीतून अम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन घेतात, किडनीमुळे मेटफॉर्मिन दिवसाला १००० च्या वर नको, कृपया कार्डावर नोंद करावी. दोन्ही औषधं एकाच ठिकाणाहून, आणि फुकट मिळतात तर सरकारीतूनच घेतली तर बरं असं सूनबाईंना वाटलं, तेही रास्त होतं. सरांनी होकार दिला, आता अम्लोडिपिन आणि मेटफॉर्मिन सरकारी, बाकीचं खासगी. मॅडमनी कार्डावर तांबड्या पेनानं लिहून दिलं.

गावातल्या दवाखान्यात मी स्वतः गेले, पत्र नाही, चहा घेता घेता सांगितलं की आजींची किडनी थोडी कमी झालीये, सरांनी दुखण्याच्या गोळ्या आणि सुया थांबवायला सांगितल्यात, तुमच्याकडे आल्या तर पॅरासिटामॉलच द्या. त्यांनी आपल्या वहीत आजींच्या नावापुढे लिहून घेतलं.

दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.३, म्हणजे ईजीएफआर साधारण ४५, सोडियम १३७, उपाशी शुगर ११८, उभं बीपी ११६. सूज घोट्यापर्यंत उरली. घाम येऊन घाबरं होणं पुन्हा झालं नाही. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं आणि सरांनी त्याची गोळी सुरू केली. गुडघा मात्र पहिल्यासारखा गप्प नव्हता, ॲसेक्लोफेनॅकवर जसा गप्प असायचा तसा, आणि पेरणीच्या दिवसांत आजींनी एकदा विचारलंच, "पोरी, ते पिवयी गोई एकच दे न." मी दिली नाही, पण नुसतं नाही म्हणून पाठवलंही नाही, पॅरासिटामॉल दुखल्यावर न घेता तिन्ही वेळा ठरल्या वेळी घ्यायला लावलं, व्यायाम समोर बसून पुन्हा करवून घेतला आणि सरांना पुढच्या भेटीसाठी एक ओळ लिहून दिली की गुडघ्याचं दुखणं अजून पुरतं आटोक्यात नाही, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं का.